अन्न म्हणून विकले जाणारे औषध : अन्न व औषध प्रशासनाच्या आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त,
अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य, मुंबई

महोदय,

अप्पा बळवंत चौकातून नारायण पेठेत शिरले की जागोजागी अभ्यासिकांच्या पाट्या दिसतात. लातूर, बीड, नांदेड, सोलापूरहून आलेली मुले-मुली इथे खोली घेऊन राहतात, मेसमध्ये जेवतात आणि स्पर्धा परीक्षांची एकेक फेरी पार करण्यासाठी वर्षे घालवतात. झोप उडणे, मन लागेनासे होणे, रडू येणे या तक्रारी इथे नव्या नाहीत. काहीजण मानसोपचारतज्ज्ञांकडे जातात आणि त्यांना एस्सिटालोप्राम, सरट्रालीन, फ्लुऑक्सेटीन यांपैकी एखादी गोळी सुरू होते. काहीजणी वेगळ्या कारणाने गर्भनिरोधक गोळ्या घेत असतात. आणि यांतल्या कुणालाही मोबाइलवर दोन मिनिटांत ‘मूड सपोर्ट’ असे लिहिलेली, हिरव्या पानाचे चित्र असलेली एक डबी मागवता येते. तिच्यात सेंट जॉन्स वर्ट या वनस्पतीच्या कॅप्सूल असतात. ती मागवायला चिठ्ठी लागत नाही, आणि आधीपासून कोणती गोळी चालू आहे हे वाटेत कुणी विचारत नाही.

हे पत्र त्या न विचारलेल्या प्रश्नाविषयी आहे. ते आपल्याकडेच लिहिण्याचे कारण म्हणजे महाराष्ट्रात अन्न आणि औषध या दोन्हींची देखरेख आपल्या एकाच प्रशासनाकडे आहे. ही डबी कागदोपत्री अन्नाच्या बाजूला आणि शरीरात गेल्यावर औषधाच्या बाजूला पडते. म्हणून दोन्ही बाजू दिसतील असे कार्यालय हेच.

आधी या वनस्पतीची ओळख. ती आजीच्या बटव्यातली नाही. ब्राह्मी, शंखपुष्पी, अश्वगंधा यांच्याशी तिचा काही संबंध नाही. शास्त्रीय नाव हायपेरिकम परफोरेटम. पिवळी, पाच पाकळ्यांची फुले येणारे हे झुडूप मूळचे युरोप आणि आशियाचे. आपल्याकडे ते काश्मीर, हिमाचल, उत्तराखंडच्या डोंगरात उगवते. पान उजेडाकडे धरले तर त्यावर सुया टोचल्यासारखे पारदर्शक ठिपके दिसतात. युरोपात ते २४ जूनच्या सुमारास, सेंट जॉनच्या सणाला फुलते. गोव्यात विहिरींत उड्या मारून साजरा होणारा सांजाव तो हाच.

ही वनस्पती निरुपयोगी आहे, असे या पत्राचे म्हणणे मुळीच नाही. २००८ साली कोक्रेन या संस्थेने २९ चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला. त्यांत ५,४८९ रुग्ण होते. सौम्य ते मध्यम नैराश्यात तिचा अर्क बिनऔषधी गोळीपेक्षा सरस ठरला आणि नेहमीच्या नैराश्यविरोधी औषधांच्या जवळपास पोचला. जर्मन भाषक देशांतल्या चाचण्यांत निकाल अधिक चांगले आले, इतरत्र थोडे फिके, ही नोंदही त्याच आढाव्यात आहे. काळजी सुरू होते ती इथेच. मेंदूतल्या रसायनांवर खरोखर परिणाम करणारा पदार्थ हे औषधच असते, आणि औषध दुसऱ्या औषधात मिसळताना जी खबरदारी घ्यावी लागते ती त्यालाही लागू होते.

या वनस्पतीचा त्रास दोन उलट दिशांनी होतो. नैराश्याच्या गोळीसोबत ती घेतली तर दोघांच्या परिणामांची बेरीज होते. गर्भनिरोधक गोळीसोबत घेतली तर ती त्या गोळीचा परिणाम वजा करते. पहिल्या प्रकारात माणूस काही तासांत आजारी पडतो आणि निदान ते कळते तरी. दुसऱ्यात बाईला पुष्कळदा काहीच जाणवत नाही.

बेरजेचे एक उदाहरण अमेरिकेत १९९८ साली ‘अमेरिकन फॅमिली फिजिशियन’ या नियतकालिकात नोंदले गेले. पन्नास वर्षांची एक बाई आठ महिने पॅरोक्सेटीन ही नैराश्याची गोळी रोज ४० मिलिग्रॅम घेत होती. ती तिने बंद केली. दहा दिवसांनी तिने सेंट जॉन्स वर्टची पूड रोज ६०० मिलिग्रॅम घ्यायला सुरुवात केली. काही त्रास नव्हता. मग एका रात्री झोप येईना, म्हणून तिने घरात उरलेली पॅरोक्सेटीनची २० मिलिग्रॅमची एक गोळी घेतली. दुसऱ्या दिवशी दुपारी कुणी भेटायला आले तेव्हा ती अजून अंथरुणातच होती. हाक मारल्यावर जागी होई, पण बोलणे असंबद्ध; अंगात त्राण नाही, मळमळ, पलंगावरून उठणेही जड. सुदैवाने पुढच्या दिवसापर्यंत ती सावरली.

यातला आकडा लक्षात घेण्याजोगा आहे. जी गोळी तिने आठ महिने रोज ४० मिलिग्रॅम पचवली होती, तिच्या अर्ध्या मात्रेने तिला एका रात्रीत आडवे केले. फरक एवढाच होता की मधल्या काळात वनस्पती सुरू झाली होती. आणि तिने जे केले ते नारायण पेठेतल्या कोणत्याही खोलीत सहज घडू शकते. डॉक्टरांची गोळी नकोशी झाली म्हणून स्वतःच बंद केली, जागी ‘नैसर्गिक’ काहीतरी आणले, आणि एका वाईट रात्री ड्रॉवरमधली जुनी पट्टी पुन्हा उघडली.

मेंदूतल्या दोन पेशींमधल्या फटीत सिरोटोनिन हे रसायन सोडले जाते आणि काम झाले की परत आत ओढून घेतले जाते. पॅरोक्सेटीन, सरट्रालीन, एस्सिटालोप्राम या गोळ्या ते परत ओढणे रोखतात, म्हणजे फटीत सिरोटोनिन जास्त वेळ टिकते. सेंट जॉन्स वर्टमधला हायपरफोरिन हा घटकही सिरोटोनिनचे परत जाणे अडवतो. दोन्ही एकदम आले की सिरोटोनिन प्रमाणाबाहेर साचते. या अवस्थेला डॉक्टर सिरोटोनिन सिंड्रोम म्हणतात. १९९९ साली वृद्धांच्या मानसोपचाराच्या एका नियतकालिकात अशाच पाच रुग्णांची हकीकत आली. पाचही जण नैराश्याच्या गोळीवर होते, त्यातले चौघे सरट्रालीनवर, आणि गोळीत भर म्हणून त्यांनी सेंट जॉन्स वर्ट सुरू केली होती.

दोन्ही एकत्र घेणाऱ्या प्रत्येकाला हा त्रास होतोच असे नाही. पण कुणाला होईल हे आधी सांगता येत नाही, म्हणून एकत्र घेऊच नये, हा नियम. लक्षणे बहुधा चोवीस तासांच्या आत, पुष्कळदा सहा तासांतच दिसू लागतात. अस्वस्थता, हात थरथरणे, भरपूर घाम, जुलाब, छातीत धडधड, बाहुल्या मोठ्या होणे. विशेष खूण पायांत असते. पाय ताठरतात आणि पाऊल वर दाबले की घोट्याशी आपोआप झटके येत राहतात. ताप चढू लागला, बोलण्यात गोंधळ आला की प्रकरण गंभीर. परीक्षेच्या दिवसांत धडधड, घाम आणि जुलाब ‘टेन्शन’ म्हणून सोडून दिले जातात, हा इथला खास धोका. अशा वेळी दोन्हींचा पुढचा डोस न घेता रुग्णालयात जावे आणि दोन्ही डब्या सोबत न्याव्यात. डबी समोर नसेल तर वनस्पतीचे नाव डॉक्टरांपर्यंत पोचतच नाही, कारण ‘कोणते औषध घेता?’ या प्रश्नाला उत्तर देताना ती कुणाला आठवत नाही.

आणखी एक बारकावा. नैराश्याची गोळी बंद केली म्हणजे ती लगेच शरीरातून गेली असे होत नाही. फ्लुऑक्सेटीन आणि त्यापासून शरीरात तयार होणारा पदार्थ कित्येक आठवडे रेंगाळतात. त्यामुळे ‘आता गोळी सोडली, आता वनस्पती घ्यायला हरकत नाही’ हा हिशेब घरी मांडता येण्यासारखा नाही. आणि ज्याची गोळी चालू आहे त्याने हे वाचून ती एकदम बंद करणे, हेही तितकेच चुकीचे. बंद करायची ती वनस्पती, तीही डॉक्टरांना सांगून.

आता वजाबाकीकडे. महाराष्ट्रात टीबीचा दवाखाना ज्याला माहीत आहे त्याला ही गोष्ट पटकन समजेल. रिफाम्पिसिन हे टीबीचे औषध सुरू असताना गर्भनिरोधक गोळ्यांवर विसंबू नये, दुसरे साधन वापरावे, असे बाईला सांगितले जाते. रिफाम्पिसिनमुळे गोळी निकामी होते याची पहिली नोंद १९७१ साली जर्मनीत झाली. आपल्या यकृताच्या पेशींत पीएक्सआर नावाचा एक पहारेकरी रेणू असतो. बाहेरचे काही रसायन त्याला येऊन चिकटले की तो पेशीला हुकूम देतो : परके पदार्थ मोडून टाकणारी विकरे वाढवा. त्यांतले मुख्य विकर म्हणजे सीवायपी ३ए४. गोळीतली संप्रेरके मुख्यतः हेच विकर मोडते. रिफाम्पिसिन या पहारेकऱ्याला जागे करते. आणि २००० साली संशोधकांनी दाखवून दिले की सेंट जॉन्स वर्टमधले हायपरफोरिनही नेमके त्यालाच जागे करते, तेही फार जोराने. टीबीच्या रुग्णाला जो प्रश्न आपण आवर्जून विचारतो, तोच प्रश्न या डबीच्या गिऱ्हाइकाला कुणी विचारत नाही.

परिणाम किती होतो हे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या पण नेटक्या अभ्यासात मोजले गेले. बारा स्त्रिया इथिनिल इस्ट्राडायॉल ३५ मायक्रोग्रॅम आणि नॉरेथिंड्रोन १ मिलिग्रॅम असलेली गोळी घेत होत्या. त्यांना सोबत सेंट जॉन्स वर्टचा अर्क ३०० मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा, आठ आठवडे दिला. ही मात्रा अवाजवी नाही. दिवसाला ९०० मिलिग्रॅम हीच बाजारातली नेहमीची मात्रा. इथिनिल इस्ट्राडायॉलचे रक्तातले प्रमाण अर्ध्यावर यायला आधी २३.४ तास लागत होते, वनस्पतीनंतर १२.२ तास पुरले.

हे रोजच्या गोळीत बसवून पाहू. रात्री नऊला घेतलेल्या गोळीनंतर दुसऱ्या रात्री नऊपर्यंत आधी निम्म्याच्या आसपास इस्ट्रोजेन शिल्लक राहायचे. आता ते बारा तासांत निम्मे आणि चोवीस तासांत पाव होते. गोळी वेळेवर घेतली, एकही चुकली नाही, तरी दर रात्रीच्या गोळीआधी एक पोकळी तयार होते. चाचणीआधी बारांपैकी दोघींना पाळी नसताना रक्त जात होते; वनस्पतीनंतर सात जणींना जाऊ लागले. आपल्या सरकारी माला-एन गोळीत इस्ट्रोजेनची मात्रा ३० मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे चाचणीतल्या गोळीहूनही कमी. मुळात कमी असलेल्या साठ्यातून वजाबाकी झाली तर हातात काय उरते, हे सांगायला नको.

पाळी नसताना डाग पडणे ही धोक्याची खूण आहे, पण ती दिसेलच याची खात्री नाही. ती न दिसताही गर्भ राहू शकतो. स्वीडनच्या औषध नियंत्रकांकडे २००० पर्यंत अशा अवेळी रक्तस्रावाच्या आठ तक्रारी जमल्या होत्या, पुढे नको असताना राहिलेल्या गर्भांच्या नोंदीही आल्या. ब्रिटनच्या औषध नियंत्रकांनी २०१४ साली पुन्हा इशारा दिला. तोपर्यंत त्यांच्याकडे २००० पासूनच्या १९ तक्रारी होत्या, त्यांतल्या १५ अनपेक्षित गर्भधारणेच्या. दंडात बसवायच्या संप्रेरकाच्या कांडीलाही हा धोका आहे, असे त्यांनी तेव्हा स्पष्ट केले.

वनस्पती थांबवली की यकृत लगेच पूर्वपदावर येत नाही. वाढलेली विकरे ओसरायला एक-दोन आठवडे लागतात. सुरक्षित बाजू म्हणून शेवटच्या कॅप्सूलनंतर चार आठवडे गोळीवर विसंबू नये, असा ब्रिटनमधला सल्ला आहे. या काळात तांबी चालते, कारण तिचा यकृताशी संबंधच नाही. सरकारी योजनेत ‘अंतरा’ नावाने मिळणारे तीन महिन्यांचे इंजेक्शनही चालते, त्यातली मात्रा मोठी असल्याने. निरोध तर चालतोच. तातडीच्या गोळीबद्दल मात्र अधिक सावधपणा हवा. आपल्याकडे आय-पिलसारख्या गोळीत लेव्होनॉरजेस्ट्रेल १.५ मिलिग्रॅम असते. गेल्या चार आठवड्यांत सेंट जॉन्स वर्ट घेतली असेल तर ही मात्रा अपुरी पडू शकते. ब्रिटनच्या नियंत्रकांनी २०१६ मध्ये सांगितले की अशा बाईने शक्यतो तांबी बसवून घ्यावी, आणि ते जमण्यासारखे नसेल तर दुप्पट, म्हणजे ३ मिलिग्रॅम घ्यावे. मेडिकलच्या काउंटरवर घाईत, मान खाली घालून ती गोळी मागणाऱ्या मुलीला हे कोण सांगते?

महोदय, डबीवरचे अक्षर वाचून तरी हा धोका ओळखता यावा. तो ओळखता येत नाही. बहुतेक डब्यांवर ‘०.३ टक्के हायपेरिसिन’ असे अभिमानाने छापलेले असते. वाचणाऱ्याला वाटते, मात्रा मोजूनमापून दिली आहे. पण यकृताला चाळवणारा घटक हायपेरिसिन नाही, तो हायपरफोरिन आहे, आणि त्याचे प्रमाण बहुधा लिहिलेलेच नसते. ते एका उत्पादनात नगण्य आणि दुसऱ्यात कित्येक पट असू शकते, दोन्ही डब्यांवर ‘०.३ टक्के’ हाच आकडा असताना. होमिओपॅथीच्या हायपेरिकमबाबतही असाच फरक करावा लागतो. ३० किंवा २०० पोटेन्सीच्या गोळ्यांत वनस्पतीचा अंश जवळजवळ उरत नाही, पण मदर टिंक्चर हा तिचा प्रत्यक्ष अर्क असतो. नाव एकच, आतला माल वेगळा.

कायद्यात जागा नाही असे नाही. पूरक आहार आणि न्यूट्रास्युटिकल्सविषयीचे २०१६ चे केंद्रीय नियम सांगतात की अशा उत्पादनावर ‘औषधी उपयोगासाठी नाही’ असे ठळक लिहावे, आणि ज्ञात दुष्परिणाम व औषधांशी होणाऱ्या प्रसिद्ध आंतरक्रिया लागू असतील तर त्यांचा इशाराही द्यावा. सेंट जॉन्स वर्टच्या आंतरक्रिया २००० पासून प्रसिद्ध आहेत. त्याच वर्षी फेब्रुवारीत अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डॉक्टरांना पत्र काढले होते. एचआयव्हीच्या इंडिनाव्हिर या औषधाचे रक्तातले प्रमाण या वनस्पतीमुळे निम्म्याहून जास्त घटल्याचे तेव्हा आढळले होते. त्याच सुमारास झुरिकमध्ये हृदयरोपण झालेल्या दोघांच्या शरीराने नवे हृदय नाकारायला सुरुवात केली होती, कारण वनस्पतीने त्यांचे सायक्लोस्पोरीन संपवले. आयर्लंडने तर २००० मध्येच ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. ‘प्रसिद्ध आंतरक्रिया’ या शब्दांत हिला बसवण्यासाठी आणखी पुराव्याची वाट पाहण्याची गरज नाही.

म्हणून आपल्याकडे तीन मागण्या आहेत, आणि तिन्ही आजच्या अधिकारांत बसणाऱ्या आहेत.

पहिली, राज्यात विकल्या जाणाऱ्या, ऑनलाइन येणाऱ्या मालासह, सेंट जॉन्स वर्टच्या डब्यांचे नमुने अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांनी घ्यावेत आणि दोन गोष्टी तपासाव्यात : आंतरक्रियेचा इशारा आहे का, आणि प्रत्यक्षात हायपरफोरिन किती आहे. ‘इतर औषधे चालू असल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्या’ हे मोघम वाक्य इशारा म्हणून धरू नये. इशाऱ्यात नैराश्याच्या गोळ्या आणि गर्भनिरोधक गोळ्या ही नावे आलीच पाहिजेत. गर्भनिरोधक गोळीला बहुतेक स्त्रिया ‘औषध’ मानतच नाहीत. मोघम वाक्य त्यांच्यासाठी नसल्यासारखेच आहे.

दुसरी, लेबल हिंदी किंवा इंग्रजीत असले तरी नियमाला पुरते, त्यामुळे मराठी मजकुराची सक्ती डबीवर करणे आपल्या हाती नाही. पण औषध दुकानांना परवाने आपले प्रशासन देते आणि तपासणीही तेच करते. नोंदणीकृत फार्मासिस्टने रुग्णाला औषधांच्या आंतरक्रियांबद्दल समजावून सांगावे, असे २०१५ चे फार्मसी प्रॅक्टिस नियम सांगतात. दुकानदारांना परिपत्रक काढून काउंटरवर मराठी फलक लावायला सांगावे, आणि नैराश्याची गोळी, माला-डीसारखी गोळी किंवा तातडीची गोळी देताना एक प्रश्न विचारायला सांगावे : ‘सोबत मूडसाठी किंवा झोपेसाठी काही हर्बल घेताय का?’ गर्दीच्या दुकानात हा प्रश्न हलक्या आवाजात विचारला तरी पुरे. सुरुवात अभ्यासिका आणि वसतिगृहांनी गजबजलेल्या नारायण, सदाशिव आणि शनिवार पेठांतून व्हावी.

तिसरी मागणी नोंदींची. औषधांचे दुष्परिणाम कळवण्यासाठी देशात १८००-१८०-३०२४ हा विनामूल्य क्रमांक आहे. डॉक्टर, फार्मासिस्ट आणि स्वतः रुग्णही त्यावर सांगू शकतात. पण डबी अन्न म्हणून विकली गेली की तिचा त्रास औषधाच्या नोंदवहीत द्यायचा हे कुणाला सुचत नाही, आणि नोंदच नाही म्हणून आपल्याकडे असे काही घडत नाही असा समज राहतो. हा क्रमांक त्याच फलकावर छापावा, आणि कळवताना वनस्पतीचे व गोळीचे नाव, दोन्हींची मात्रा, कोणती कधी सुरू झाली आणि लक्षण कधी दिसले, एवढे सांगावे, असे त्याखाली लिहावे. स्वीडनमध्ये आठ स्त्रियांच्या अशाच तक्रारी एकत्र ठेवल्यावर कारण उघड झाले होते.

पुढील परीक्षेच्या हंगामाआधी हे परिपत्रक निघावे आणि तपासलेल्या नमुन्यांचे निकाल, उत्पादनांच्या नावांसह, प्रशासनाने जाहीर करावेत, ही विनंती.

कळावे,
नारायण पेठ, पुणे ४११०३० येथील एक रहिवासी